हप्ता फेडायला किती विकावं लागतं?

माल भरण्यासाठी कर्ज काढलेल्या दुकानदाराला विचारलं, की दहा हजारांचा हप्ता आहे, मग विक्री किती वाढवायला हवी, तर बरेच जण पटकन सांगतात, दहा-बारा हजारांनी. हे उत्तर फार महागात पडतं. गल्ल्यात आलेल्या रुपयातला मोठा हिस्सा पुन्हा माल आणण्यासाठी असतो. हप्ता जातो तो उरलेल्या छोट्या हिश्श्यातून. रुपयामागे चार आणे सुटत असतील, तर दहा हजारांच्या हप्त्यासाठी चाळीस हजारांची जादा विक्री लागते. किराण्यासारख्या धंद्यात रुपयामागे दहाच पैसे सुटत असतील, तर त्याच हप्त्यासाठी एक लाखाची.

तालुक्याच्या गावातलं एक रेडीमेड कपड्यांचं दुकान डोळ्यांसमोर ठेवू आणि सगळा हिशेब त्यावरच करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण अशा दुकानाला शोभतील असे आहेत. दुकानात खरेदीच्या भावाने सहा लाखांचा माल आहे आणि महिन्याची विक्री सरासरी दोन लाख. मालकाला जीन्स आणि लहान मुलांच्या कपड्यांचा नवा विभाग काढायचा आहे. त्यासाठी तो तीन लाखांचं कर्ज घेतो. व्याजाचा दर बारा टक्के, मुदत तीन वर्षं. मासिक हप्ता येतो साधारण ९,९६५ रुपये. पहिल्या हप्त्यात ३,००० रुपये व्याजाचे आणि बाकीचे मुद्दलाचे असतात. पुढे व्याज कमी होत जातं, मुद्दल वाढत जातं, हप्ता तेवढाच राहतो.

आता या दुकानात खरोखर किती सुटतं ते पाहायला हवं. सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा असतो आणि चूकही बहुधा इथेच होते. शंभर रुपयांना आणलेल्या शर्टावर मालक १४० ची चिठ्ठी लावतो आणि आपल्याला चाळीस टक्के सुटतात असं धरून चालतो. पण घासाघीस होऊन शर्ट सरासरी १३३ ला जातो. सुटले ३३ रुपये, आणि ते आले १३३ रुपयांच्या विक्रीतून. म्हणजे विक्रीच्या मानाने पाहिलं तर जेमतेम २५ टक्के. गल्ल्याचा हिशेब करताना हाच २५ चा आकडा चालतो, कारण गल्ल्यात येते ती विक्री. चाळीस टक्के धरून विक्रीचं लक्ष्य ठरवणारा माणूस गरजेपेक्षा कितीतरी कमी विक्रीवर समाधान मानतो आणि वर्षाअखेरीला पैसे गेले कुठे म्हणून वही चाळत बसतो.

स्वतःच्या दुकानाचा खरा आकडा चिठ्ठ्यांवरून काढू नये. तीन महिन्यांच्या सुरुवातीला शिल्लक असलेला माल खरेदीच्या भावाने मोजावा, त्यात मधली खरेदी मिळवावी, शेवटी उरलेला माल वजा करावा. विकल्या गेलेल्या मालाची खरेदीकिंमत मिळते. ती विक्रीतून वजा केली की जे उरतं, त्याला विक्रीने भागायचं. यात घासाघीस, फाटलेला तुकडा, परत आलेला माल, नातेवाइकाला सोडलेले पैसे सगळं आपोआप धरलं जातं. जीएसटीची नोंदणी असेल, तर विक्रीतून आधी कर बाजूला काढावा. तो दुकानदाराचा पैसा नव्हे.

आपल्या दुकानाचं भाडं ९,००० रुपये आहे, नोकराचा पगार ९,०००, वीज २,५०० आणि पिशव्या, चहापाणी, फोन, गाडीभाडं मिळून २,५००. एकूण २३,०००. घरखर्चाला मालक दरमहा २२,००० उचलतो. ही रक्कम पुष्कळ जण हिशेबात धरतच नाहीत, पण घर चालायलाच हवं, तेव्हा ती भाड्याइतकीच पक्की समजावी. हे झाले ४५,०००. दोन लाखांच्या विक्रीवर सुटतात ५०,०००. म्हणजे कर्जाआधी महिन्याला पाच हजार शिल्लक पडत होते.

हप्ता आला की गरज होते ५४,९६५ ची. पंचवीस टक्क्यांनी भागलं, की विक्री हवी २,१९,८६०. इतक्या विक्रीत घर चालतं, दुकान चालतं, हप्ता जातो आणि हाती शून्य राहतं. पण शून्यावर धंदा टिकत नाही. एक आजारपण, एक बंद पडलेला आठवडी बाजार, आणि पुढचा हप्ता अडकतो. म्हणून महिन्याला किमान दहा हजार उरावेत असं धरू. मग ६४,९६५ भागिले ०.२५, म्हणजे जवळपास २,६०,००० ची विक्री. सव्वीस दिवस दुकान उघडं धरलं, तर रोजचे दहा हजार. आधी रोज साडेसात हजारांच्या आसपास होत होते, त्यात आता दिवसाला २,३०० ची भर हवी. पाचशेच्या मालात मोजलं तर रोज चार-पाच नग जास्त. आकडा असा नगांवर आणला, की मालकालाच कळतं आपल्या गावात हे होईल की नाही.

होईल का, हे तपासायची दुसरी खूण नव्या मालातच आहे. महिन्याला साठ हजारांची वाढीव विक्री म्हणजे खरेदीच्या भावाने ४५,००० चा माल. तीन लाखांचा नवा माल या वेगाने पावणेसात महिन्यांत संपायला हवा, आणि संपेल तसा पुन्हा भरायला हवा. जुना माल चार महिन्यांत फिरतो, त्यामुळे अपेक्षा भलतीच वाटत नाही. मात्र एक अडचण आहे. माल दीडपट झाला म्हणून गिऱ्हाईक दीडपट होत नाही. जीन्स शोधायला आलेला मुलगा आधी तुमच्याकडे माल नाही म्हणून दुसरीकडे जात होता का, हे आठवून पाहावं. जात असेल तर नवा विभाग चालेल. नसेल, तर जीन्स घेणारा तोच गिऱ्हाईक पँटपीस घेणं थांबवेल, आणि विक्री एका मांडणीवरून दुसऱ्या मांडणीवर सरकेल इतकंच.

विक्री कमी पडू लागली की पहिला विचार सुचतो तो सवलतीचा. सरसकट दहा टक्के सूट. १३३ चा शर्ट मग ११९ रुपये ७० पैशांना जातो आणि त्यात सुटतात १९ रुपये ७० पैसे. रुपयामागे २५ पैशांऐवजी साडेसोळा. तेच ६४,९६५ उभे करायला आता विक्री लागेल ३,९५,००० च्या आसपास. दहा टक्के सूट दिली म्हणून विक्री निम्म्याहून जास्त वाढायला हवी! अडकलेल्या मालावर, बदललेल्या फॅशनवर, तुटक साइजवर सूट जरूर द्यावी, त्यातून पैसा मोकळा होतो. चालत्या मालावर देऊ नये.

कपड्याच्या धंद्यात महिना महिन्यासारखा नसतो, हे बँकेच्या हप्त्याला ठाऊक नसतं. दिवाळीत आणि लग्नसराईत दुकान भरून वाहतं, पितृपंधरवड्यात नव्या कपड्याला कुणी हात लावत नाही. समजा त्या महिन्यात विक्री १,४०,००० वर आली. सुटले ३५,०००, गरज ५४,९६५ ची, म्हणजे जवळपास वीस हजारांचा खड्डा. दिवाळीच्या महिन्यात पाच लाख विकले, तर सव्वा लाख सुटून सत्तर हजार वर राहतात. हे सत्तर हजार नफा म्हणून खर्च केले, की पुढच्या मंदीत खड्डा भरायला काही उरत नाही. दिवाळीनंतर निदान तीन हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे तीस हजार, वेगळ्या खात्यात टाकावी. लक्ष्यही वर्षाचं ठेवावं, ३१ लाख २० हजार, आणि महिन्यांना गेल्या वर्षीच्या विक्रीप्रमाणे वाटून द्यावं.

या सगळ्यात फसवा प्रकार असा, की विक्री कमी असतानाही हप्ता वेळेवर जात राहतो. गल्ल्यात पैसा असतोच, पण तो मालाच्या खरेदीचा. त्यातून हप्ता भरला जातो आणि नवा माल घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर येतो. बँकेचं पुस्तक स्वच्छ दिसतं, दुकान मात्र आतून रिकामं होत जातं. ओळखायचं कसं? दर तीन महिन्यांनी मालाची खरेदीकिंमत, गल्ला आणि खात्यातली रक्कम आणि गिऱ्हाइकांकडची वसूल होणारी उधारी यांची बेरीज करावी. त्यातून व्यापाऱ्यांचं देणं वजा करावं. हा आकडा घसरत असेल, तर हप्ता मार्जिनमधून जात नाहीये. गिऱ्हाइकांची उधारी मोजताना सहा महिन्यांहून जुनी नावं सोडून द्यावीत. विक्री म्हणून वहीत चढलेले ते पैसे हप्त्याच्या तारखेला हाती नसतात.

लक्ष्य गाठता येईलसं वाटत नसेल, तर कर्ज घेण्याआधीच रक्कम, मुदत आणि प्रकार बदलून पाहावेत. तेच तीन लाख पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ६,६७३ रुपयांवर येतो आणि त्यासाठी लागणारी विक्री चाळीस हजारांवरून सत्तावीस हजारांच्या आत येते. मात्र एकूण व्याज ५८,७०० वरून एक लाखावर जातं. दोन लाखच घेतले, तर तीन वर्षांचा हप्ता ६,६४३ होतो, व्याजही कमी. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो: आधी लहान मुलांच्या कपड्यांचा विभाग चालवून पाहावा, जीन्स नंतर.

कॅश क्रेडिटचा हिशेब आणखी वेगळा. त्यात मुद्दलाचा हप्ता नसतो. वापरलेल्या रकमेवर महिन्याचं व्याज भरायचं. पूर्ण तीन लाख वापरले तरी महिन्याला ३,००० रुपये, आणि त्यासाठी विक्री लागते १२,००० ची. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या किशोर गटात, म्हणजे ५० हजारांहून जास्त ते ५ लाखांपर्यंत, हाही प्रकार मिळू शकतो. बँक मालाचं विवरण मागते, मर्यादेचं ठरावीक काळाने नूतनीकरण करते आणि माल घटला की उचल कमी करते. मुद्दल फिटत नाही, तसंच उभं राहतं. पण दिवाळीपुरता माल भरायचा असेल, तर हेच सोयीचं. कारण तो माल विकून आलेला सगळा पैसा, शंभराची खरेदीसुद्धा, पुन्हा माल न भरता खात्यात परत टाकता येतो आणि मार्जिनवर भार पडतो तो फक्त दोन-तीन महिन्यांच्या व्याजाचा. मांडणीवर कायमचा राहणारा माल वाढवायचा असेल, तर मात्र मुद्दलाचा प्रत्येक रुपया पंचवीस पैशांच्या मार्जिनमधूनच फेडावा लागतो. त्यामुळे अर्जावर रक्कम लिहिण्याआधी, आपण भरणार आहोत तो माल हंगाम संपल्यावर मांडणीवर राहणार आहे की नाही, ते ठरवून टाकावं.