हप्त्याचा हिशेब (भाग 4) : डाउन पेमेंट वाढवलं, मुदत तीच राहिली

मागच्या भागात फ्लॅट दराचं व्याज पाहिलं. पूर्ण मुदतभर ते मूळ रकमेवरच लागतं, त्यामुळे तीन वर्षांसाठी 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास 18 टक्के पडतात. आता हाच दर धरून डाउन पेमेंटकडे वळू.

समजा, धरणगावचा एक कापूस उत्पादक दसऱ्याला जळगावच्या शोरूममध्ये गेला. गाडी ऑनरोड एक लाखाची. हातात 10,000 आहेत, म्हणून 90,000 कर्ज, 36 महिने. व्याज 27,000, हप्ता 3,250. तोच दिवाळीनंतर, पहिल्या वेचणीचा कापूस विकून 40,000 घेऊन गेला, तर कर्ज 60,000, व्याज 18,000 आणि हप्ता सुमारे 2,167. म्हणजे 30,000 जास्त भरून व्याजाचे 9,000 वाचले.

बहुतेक जण इथेच थांबतात, कारण हप्ता हलका झालेला दिसतो. पण ज्याला 3,250 झेपणार होते, त्याने मुदत 24 महिन्यांवर आणावी. हप्ता 3,000 बसेल आणि व्याज फक्त 12,000. आणखी 6,000 वाचले, आणि तेही खिशातून एक रुपया जास्त न काढता. शोरूममधला माणूस मुदतीचा विषय सहसा स्वतःहून काढत नाही, तो आपणच काढायचा.

‘आत्ता गाडी घेऊ, कापसाचे पैसे आले की कर्जात भरू’ हा विचार आपल्याकडे सर्रास होतो. पण दुचाकीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं. मधेच रक्कम भरायला काही कंपन्या परवानगी देत नाहीत, काही त्यावर शुल्क लावतात. तेच 30,000 सुरुवातीला भरले, तर त्यांच्यावर व्याज सुरूच होत नाही.

मात्र हे पैसे सावकाराकडून आणू नयेत, आणि रब्बीच्या बियाण्या-खतासाठी ठेवलेलेही मोडू नयेत. बँकेत सात टक्क्यांच्या ठेवीत पडून असतील, तर मात्र इकडे वळवणं नक्कीच फायद्याचं.

आणखी एक गोष्ट. धुळ्यात काय नि जळगावात काय, काउंटरवर ‘डाउन पेमेंट 18,000’ सांगतात, तेव्हा त्यात आगाऊ हप्ता 3,250 आणि फाईल चार्ज, कर्जाचा विमा वगैरे धरून 4,750 असू शकतात. गाडीच्या किमतीत गेले फक्त 10,000. ओळखायचं कसं? ऑनरोड किमतीतून मंजूर कर्ज वजा करा. उरतं तेच खरं डाउन पेमेंट. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणं बंधनकारक केलं आहे. त्यात कर्जाची रक्कम, सगळी शुल्कं आणि ती धरून येणारा वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्याआधी 36 आणि 24 महिने, अशी दोन्ही विवरणं मागून घ्या आणि एकूण व्याजाचे आकडे शेजारी ठेवून पाहा.