अंग ओलसर असतानाच लावा

डिसेंबरात नाशिक-नागपूरकडे हवा कोरडी झाली, की नडगीवर नख ओढलं तरी पांढरी रेघ उमटते. त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी उडून गेल्याची ही खूण. लोशन, बॉडी बटर आणि तेल तिन्ही उपयोगी आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

लोशनमध्ये पाणी जास्त, तेल कमी. त्यात बहुधा पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीनही असतं. ते पटकन जिरतं, म्हणून हात, पोट, पाठीला बरं. बटरमध्ये शिया किंवा कोकोची घट्ट चरबी असते. त्याचा थर जाड बसतो, म्हणून ते कोपर, गुडघे आणि टाचांना लावावं. तेलात पाणी नसतंच. ते आहे तो ओलावा अडवतं, नवा देत नाही. म्हणूनच कोरड्या अंगाला तेल चोळलं, तर त्वचा चमकते, पण थोड्या वेळाने पुन्हा ओढल्यासारखी वाटते.

कोमट पाण्याने 5 ते 10 मिनिटांत अंघोळ उरका. पंचाने अंग टिपा, घासू नका. त्वचा दमट असतानाच, साधारण 3 मिनिटांत, लोशन लावा. नडगी फारच फुटली असेल, तर त्यावर खोबरेलाचे चार-पाच थेंब पसरा. पाठीवर पुरळ येत असेल, तर तिथे खोबरेल आणि बटर टाळा.

दोन आठवडे असं करूनही खाज किंवा भेगा कमी झाल्या नाहीत, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.