घट्ट टायर, सैल पकड

समृद्धी महामार्गावर गाडी काढायची म्हटली की पेट्रोल पंपावरच्या हवेच्या रांगेत दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक सांगतो, सिमेंटचा रस्ता तापतो, हवा जरा कमीच ठेवा. दुसरा सांगतो, लांबचा पल्ला आहे, हवा घट्ट भरा, मऊ टायरच फुटतो. पहिला सल्ला सरळसरळ धोक्याचा आहे. दुसऱ्यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्यामुळेच तो अनेकांना पटतो.

ते अर्धं सत्य आधी बघू. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने दबतो आणि पुन्हा सरळ होतो. ताशी ऐंशी-शंभरच्या वेगाला हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडतं. या सततच्या दबण्यातून रबर आतून तापतं, थरांचं चिकटणं ढिलं होतं आणि शेवटी टायर फाटतो. त्यात गाडी गच्च भरलेली आणि टायर जुना असेल तर आणखीच वाईट. म्हणून हवा कमी ठेवू नका हे अगदी बरोबर. पण म्हणून जास्त हवा म्हणजे जास्त सुरक्षा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

हवा किती हवी हे गाडी बनवणाऱ्याने लिहूनच दिलेलं असतं. चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की खांबावर एक छोटा स्टिकर दिसतो, काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. तो वाचण्याऐवजी बरेच जण टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा बघतात, ४४ किंवा ५१ पीएसआय असा. तो आकडा टायर कंपनीचा असतो आणि तो दाबाची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीचं वजन, तिचं सस्पेन्शन, तिचे ब्रेक यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तोच टायर दुसऱ्या, जड गाडीलाही बसतो. त्या आकड्यापर्यंत हवा भरली तर टायर तिथल्या तिथे फुटत नाही, आणि त्यामुळे आपण बरोबर केलं असं वाटतं.

आता एक साधा हिशेब करू. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १२०० किलो आहे आणि ते चारही चाकांवर सारखं वाटलं गेलंय असं समजा. म्हणजे एका चाकावर ३०० किलो. स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिलंय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. हे ३०० किलो पेलायला टायरला सुमारे १३० चौरस सेंटिमीटर जागा रस्त्याला टेकवावी लागते. आपलं पोस्टाचं साधं कार्ड जवळपास तेवढंच असतं. गाडीचं वळणं, थांबणं, पावसात सावरणं हे सगळं अशा चार कार्डांवर चालतं. हवा ४५ केली की हीच जागा ९५ चौरस सेंटिमीटरवर येते. प्रत्यक्षात टायरच्या भिंतीचा ताठरपणाही थोडं वजन उचलतो, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत. पण पाव भागाहून जास्त टेकू गेला, ही दिशा खरी आहे.

इथे शाळेतलं भौतिकशास्त्र आठवणारा वाचक अडेल. घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं आपण शिकलो. लाकडाच्या ठोकळ्यासाठी ते ठीक आहे, रबरासाठी नाही. रबर मऊ असतं, ते खडीच्या बारीक उंचवट्यांमध्ये शिरून रस्ता धरतं. दर चौरस सेंटिमीटरवरचा भार वाढत गेला की रबराची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. म्हणून तेच वजन थोड्या जागेवर दाबून धरण्यापेक्षा जास्त जागेवर पसरलेलं बरं. शिवाय घट्ट टायर बारीक खाचखळग्यांवरून चालत नाही, उड्या मारत जातो. चाक क्षणभर हलकं होतं आणि त्याच क्षणी ब्रेक लागला तर एबीएस लवकर जागं होऊन पायाखाली थरथरतं. चालकाला मात्र स्टिअरिंग हलकं आणि चपळ वाटतं, मायलेजही थोडं सुधारतं, आणि हा फायदा खोटा नाही. पकड कमी झाल्याचं त्याला रोजच्या चालवण्यात जाणवतच नाही. ते कळतं समोर अचानक जनावर आलं की.

जास्त हवेची खूण टायरवर उमटते, पण सावकाश. टायरच्या दुकानात जुने टायर रचून ठेवलेले असतात, त्यातला एक उभा करून आडवा हात फिरवून बघा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. मी परवा हात लावला तो टायर कडेला चांगला होता, बाहेरच्या खाचांत मापपट्टी ५ मिलिमीटरपर्यंत जात होती. मधल्या दोन खाचांत ती २ वरच अडली. त्या खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरलं असं समजायचं, आणि कायद्यानेही तिथे टायर संपला. त्या टायरची मधली पट्टी या उंचवट्यांना जवळजवळ भिडलेली होती. दुकानदार म्हणाला, ‘मधून खाल्लाय, बाजूचा माल तसाच राहिला.’ जास्त हवेने टायरचा मधला भाग किंचित फुगून पुढे येतो, वजन तोच उचलतो आणि आधी तोच झिजतो.

तरी मधून झिजलेला प्रत्येक टायर जास्त हवेचा बळी नसतो. आजच्या रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. ते मधला भाग सहज फुगू देत नाहीत, म्हणून दोन-चार पीएसआयच्या फरकाने तो मधून खाल्ला जात नाही. जुन्या नायलॉन टायरमध्ये ही खूण लवकर दिसायची. मोटारसायकलचा मागचा टायर सरळ रस्त्यावर सदैव मधल्या पट्टीवरच धावतो, त्यामुळे हवा बरोबर असूनही तो मध्ये सपाट होतो. कारचे चारही टायर, किंवा एका बाजूला नाही तर जोडीने पुढचे दोन्ही, मधून सारखेच खाल्लेले दिसले तर हवेवर संशय घ्यायचा. एकच कड खाल्लेली असेल तर तो अलाइनमेंटचा प्रश्न. दोन्ही कडा खाल्लेल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी होती.

पावसाबद्दल एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासायला हवा. नासाच्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून एक सूत्र मांडलं. साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला ताशी सुमारे ९६ किलोमीटर आणि ४५ ला सुमारे ११२. मग पावसात हवा घट्टच बरी, नाही का? पण हे सूत्र पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असतं तेव्हा लागू पडतं. त्याहून कमी पाण्यात खाचाच पाणी बाहेर काढतात. जास्त हवेने खाल्ल्या जातात त्या याच मधल्या खाचा, आणि पाणी मधूनच सगळ्यात लांब न्यावं लागतं. नव्या टायरवर घट्ट हवेने थोडं कमावलेलं पुढच्या काही हजार किलोमीटरमध्ये गमावलं जातं. २ मिलिमीटर नक्षीला भारी पडेल इतकं पाणी कसारा किंवा खंबाटकी घाटातल्या एका जोरदार सरीत रस्त्यावर येतं. आणि तरंगणं हा टोकाचा प्रसंग झाला. नुसत्या ओल्या रस्त्यावर गाडी थांबवायला पोस्टकार्डाएवढी जागा लागतेच.

उन्हाळ्याचं गणितही लोकांना फसवतं. थंड असताना ३३ असलेला टायर ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापला तर आतली हवा साधारण ३७-३८ दाखवते. ही वाढ गाडी बनवणाऱ्याने धरलेलीच आहे, म्हणून स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. वाटेत थांबून तापलेल्या टायरची हवा काढायची नाही, नाही तर रात्री तो कमी हवेचा झालेला असेल. पण मुळातच ४५ भरलेला टायर त्याच तापमानाला ५१ च्या आसपास जातो. टायरच्या आतले धागे आधीच ताणलेले असताना काँक्रीटच्या सांध्याची तुटलेली कड किंवा मोठा दगड लागला, तर धक्का जिरवायला टायरला लवच्या लव उरत नाही आणि धागे तुटू शकतात. कमी हवेत तोच दगड टायरला रिमवर चिरडतो. दोन्हींच्या मधली जागा म्हणजे स्टिकरवरचा आकडा.

स्टिकरवर बहुधा दोन आकडे असतात. दोन-तीन माणसांसाठी एक, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, आणि मागच्या चाकांना तो जास्त असतो. पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन नागपूरला निघालात तर मागे ३३ ऐवजी ३६ भरणं म्हणजे जास्त हवा भरणं नव्हे, त्या वजनाला तेवढीच हवा लागते. परत आल्यावर तो आकडा खाली आणायचा राहून जातो, आणि मग महिनोन्महिने एकटा माणूस ऑफिसला जाताना मागचे टायर घट्टच असतात.

आपल्या गाडीची हवा रस्त्याला कशी बसते हे बघायची एक चांगली युक्ती आहे. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करून टायरच्या नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची जाड आडवी रेघ ओढायची आणि गाडी दहा-पंधरा मीटर सरळ हळू पुढे न्यायची. रेघ सगळीकडून सारखी पुसली गेली तर ठीक. मधून पुसली गेली आणि कडांना खडू तसाच राहिला तर हवा जास्त आहे.

हवा तपासायला सकाळी गाडी काढण्याआधीची वेळ उत्तम. तीन तास उभी असलेली गाडी थंड धरायला हरकत नाही. पण पंप पाच-सहा किलोमीटर दूर असतो, तिथे पोहोचेपर्यंत टायर कोमट होतात. त्यासाठी स्वतःचं छोटं गेज ठेवावं. घरी मोजलं तेव्हा २९ भरलं, हवं ३३, म्हणजे चारची तूट. पंपावर तोच टायर ३१ दाखवत असेल तर यंत्रावर ३५ लावायचं, ३३ नाही. दुसऱ्या सकाळी घरच्या गेजवर ३३ यायला हवं. एखादा पॉइंट इकडेतिकडे झाला तर चालेल. तीन-चारचा फरक वारंवार येत असेल तर पंपाच्या यंत्राचा आकडा धरू नये, आपल्या गेजचा धरावा.