भागिले सव्वीस

अमळनेरच्या प्रताप मिलचे भोंगे वाजत होते त्या काळात, 16 सप्टेंबर 1972 रोजी, ग्रॅच्युइटीचा कायदा लागू झाला. सुरुवातीला महिना हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच तो लागू होता. प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यायचा, हे ठरलं; पण मासिक पगारातून एक दिवसाचा पगार काढायचा कसा, हे कायद्यात लिहिलंच नव्हतं. मालक 30 ने भागत, तर कामगार म्हणत, सुट्टीचे चार रविवार वगळा. 1980 मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 26 मान्य केले आणि 1987 च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले.

तरी हिशोबाचा कागद हाती आला की आजही आधी हा भागाकारच बघावा. जळगावच्या एमआयडीसीतला एक फिटर धरू. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार 41,600. घरभाडं, ओव्हरटाइम यात येत नाही. नोकरी 1 जून 1991 ते 31 जानेवारी 2024, म्हणजे 32 वर्षं 8 महिने. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून जास्त असल्याने पूर्ण वर्ष धरतात. नेमके सहा महिने असते तर सुटले असते. म्हणून वर्षं 33.

41,600 ÷ 26 × 15 × 33 = 7,92,000

हाच हिशोब 30 ने केला तर 6,86,400 येतात. एका आकड्यापायी लाखाच्या वर फरक!

दुसरी गफलत रुजू होण्याच्या तारखेत असते. कागदावर 'कायम' झाल्याची तारीख टाकतात. त्याआधीच्या टेम्पररी नोकरीत खंड नसेल, वर्षाला 240 दिवस भरले असतील, तर तीही वर्षं धरावी लागतात. इथे दोन वर्षं गळाली तर 48,000 गेले. जुनी हजेरी नि पीएफच्या नोंदी म्हणूनच जपायच्या.

कमाल रक्कम 1987 मध्ये 50,000 होती. ती 1994 ला एक लाख, 1997 ला साडेतीन लाख, 24 मे 2010 पासून 10 लाख आणि 29 मार्च 2018 पासून 20 लाख झाली. निवृत्तीच्या दिवशीची मर्यादा लागू होते, त्यामुळे आदल्या दिवशी निवृत्त झालेला 10 लाखांवरच अडकला.

आमच्या फिटरचे 7,92,000 पूर्ण करमुक्त. पण धुळ्यातल्या एखाद्या व्यवस्थापकाचा पगार 1,30,000 आणि नोकरी 30 वर्षं असेल, तर हिशोब 22,50,000 वर जातो. कंपनी 20 लाखांवर थांबू शकते. खुशीने वरचे अडीच लाख दिले, तर त्यावर कर लागतो. शिवाय ही सूट आयुष्यभराची मिळून आहे: आधीच्या कंपनीकडून 4 लाख करमुक्त घेतले असतील, तर आता 16 लाखच उरतात. सरकारी कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी मात्र पूर्ण करमुक्त. तिचं गणितही वेगळं.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली. आता भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग पगारातच मिळवायचा. बेसिक मुद्दाम कमी ठेवणाऱ्यांच्या कागदावर हा आकडा आवर्जून तपासावा.