पाच दिवसांच्या गोळ्या

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, पाळी कधी दीड महिन्याने तर कधी अडीच महिन्यांनी येते, दिवस राहत नाहीत. डॉक्टर सोनोग्राफी करतात, सांगतात, "अंडं वेळेवर फुटत नाही," आणि पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या गोळ्या लिहून देतात. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं जातं, "अंडं तयार व्हायच्या गोळ्या आहेत." बोलायला हे सोपं असलं, तरी या गोळ्या अंडं तयार करत नाहीत. त्यांचं काम अंडाशयापासून दूर, मेंदूशी जोडलेलं आहे. ते एकदा कळलं, की त्या कुणाला उपयोगी पडतील आणि कुणाला नाही हेही कळतं.

दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. त्याच्या जोरावर अंडाशयातल्या काही पुटिका, म्हणजे अंडं ज्यात वाढतं त्या पाण्याच्या इवल्याशा पिशव्या, वाढू लागतात. वाढताना त्या इस्ट्रोजेन तयार करतात. इस्ट्रोजेन वाढलं, की मेंदू एफएसएचचा हात आखडता घेतो. मग बाकीच्या पुटिका सुकतात आणि सगळ्यांत पुढे गेलेली एकच टिकून राहते. तीच पुढे फुटते आणि अंडं बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये, ज्याला आपल्याकडे सर्रास पीसीओडी म्हणतात, नेमकी ही शर्यतच अडते. पुटिका भरपूर असतात, पण पाच-आठ मिलिमीटरवर थांबतात. सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारख्या दिसतात त्या याच. या गाठी नव्हेत, अर्ध्या वाटेत थांबलेल्या पुटिका आहेत. त्यांना एफएसएचचा थोडा जास्त रेटा हवा असतो.

तो रेटा मेंदूकडूनच मिळवायचा, ही या गोळ्यांची युक्ती. क्लोमिफीन हे यातलं जुनं औषध, अमेरिकेत १९६७ साली मान्यता मिळालेलं. ते मेंदूत इस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसतं. रक्तात इस्ट्रोजेन असूनही मेंदूला ते दिसत नाही, म्हणून तो एफएसएच वाढवतो. लेट्रोझोल दुसऱ्या वाटेने तेच साधतं. मुळात स्तनाच्या कर्करोगासाठी आलेलं हे औषध शरीरात इस्ट्रोजेन बनण्याची क्रियाच काही दिवस रोखतं. इस्ट्रोजेन खरोखरच कमी होतं आणि मेंदू तसाच प्रतिसाद देतो.

दोन्हींतला फरक ती शरीरात किती काळ रेंगाळतात यात आहे. लेट्रोझोल काही दिवसांत उतरतं. तोवर एक पुटिका पुढे गेलेली असते, ती इस्ट्रोजेन बनवू लागते, मेंदू भानावर येऊन एफएसएच कमी करतो आणि बहुधा एकच अंडं तयार होतं. क्लोमिफीनचा अंश मात्र काही आठवडे राहतो. मेंदूला इस्ट्रोजेनची वाढ उशिरापर्यंत जाणवत नाही, त्यामुळे दोन-तीन पुटिका एकदम वाढू शकतात आणि जुळ्यांची शक्यता वाढते. शिवाय ते गर्भाशयाच्या अस्तरातही इस्ट्रोजेनला अडवतं, त्यामुळे काहींमध्ये अस्तर पातळ राहतं. अंडं फुटतं, पण रुजायला जागा नीट तयार नसते.

२०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्तीत जास्त पाच पाळ्यांच्या उपचारांत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के. भारतात लेट्रोझोलच्या वंध्यत्वासाठीच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, कारण बाळात व्यंग येण्याची शंका व्यक्त झाली होती. पुढच्या अभ्यासांत क्लोमिफीनच्या तुलनेत तसा वाढीव धोका दिसला नाही आणि २०१७ मध्ये बंदी उठली. आज पीसीओएसमध्ये पहिली पसंती लेट्रोझोललाच दिली जाते.

प्रत्यक्ष उपचार कसा चालतो, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, एक २८ वर्षांची स्त्री आहे आणि तिची पाळी दोन महिने आलेली नाही. आधी ती गरोदर नाही ना, याची तपासणी होते, कारण या गोळ्या गरोदरपणात घ्यायच्या नसतात. मग काही दिवस दुसऱ्या गोळ्या देऊन पाळी आणली जाते. तिसऱ्या दिवसापासून लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, पाच दिवस. दहाव्या दिवशी सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात ११ मिलिमीटरची एक पुटिका दिसते, बाकीच्या बारीक. तेराव्या दिवशी ती १६ वर जाते, पंधराव्या दिवशी २० वर, आणि अस्तर ९ मिलिमीटर. पतिपत्नींनी तेराव्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध ठेवावा, असं सांगितलेलं असतं. सतराव्या दिवशी पुटिका आक्रसलेली दिसते, म्हणजे ती फुटली. आठवड्याने रक्तातलं प्रोजेस्टेरॉन वाढलेलं आढळलं, की अंडं बाहेर पडल्याची खात्री पटते.

पुटिका वाढलीच नसती, तर पुढच्या वेळी ५ आणि मग ७.५ मिलिग्रॅम दिलं गेलं असतं. पण ज्या मात्रेला अंडं फुटलं, तिच्यापुढे जाण्यात फायदा नाही. पाळी आली म्हणजे गोळी फसली, असंही नाही. अगदी निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. गोळी तिला त्या रांगेत आणून उभी करते, रांगेच्या पुढे नेत नाही.

मर्यादा याच कार्यपद्धतीतून येतात. अंडाशयातली बीजं संपत आली असतील, तर मेंदू आधीच जोराने एफएसएच सोडत असतो. तिथे आणखी रेटा देऊन काय होणार? वजन फार घटल्याने किंवा अतिव्यायामाने मेंदूच गप्प झाला असेल, तर त्याला फसवूनही तो सहसा जागा होत नाही. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन बिघडलं असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत. गर्भनलिका बंद असतील, आणि आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे त्याचं एक मोठं कारण आहे, तर अंडं फुटूनही शुक्राणूंशी गाठ पडत नाही. वयामुळे घसरलेला अंड्याचा दर्जाही या गोळ्या सुधारत नाहीत.

सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो तो चिठ्ठी दाखवून दुकानातून महिन्यामागून महिने तीच गोळी आणण्यात. किती पुटिका वाढल्या, अस्तर कसं आहे, अंडं फुटलं का, हे कुणी पाहतच नाही. क्लोमिफीन घेताना नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायला हवं. आणि सहा वेळा अंडं फुटूनही दिवस राहिले नाहीत, तर कारण दुसरीकडे शोधायचं. सातवं पाकीट आणायचं नाही.

ते दुसरं कारण पुष्कळदा पतीच्या बाजूला असतं. वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सोपी, स्वस्त आणि सुईदेखील न टोचणारी तपासणी आहे. बायकोने पहिली गोळी घेण्याआधी नवऱ्याने ती करून घ्यावी.