चार सेंटीमीटरचा कॉलम

हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहत होतं, तेव्हा मी जाहिराती घेण्याचं काउंटर सुरू केलं. मुळशीतले शेतकरी घरावर मजला चढवायचे आणि 'खोली भाड्याने' म्हणत माझ्याकडे यायचे. आधी शब्दांवर पैसे मोजायच्या छोट्या जाहिराती असत. मग शेजारीपाजारी तशाच खोल्या निघाल्या आणि लोक चौकटीतली जाहिरात मागू लागले.

एका मालकाची जाहिरात अजून आठवते. त्यांना 40 चौरस सेंटीमीटर परवडत होते. आमच्याकडे एक कॉलम साधारण 4 सेंटीमीटरचा, म्हणजे दोन कॉलम गुणिले 5 किंवा एक कॉलम गुणिले 10. पैसे तेवढेच, पण मजकूर वेगळा बसतो. दहा पॉइंटच्या अक्षराला वेलांटी-उकारासकट चौदा पॉइंट उंची लागते, म्हणून एका सेंटीमीटरात दोनच ओळी येतात. दोन कॉलमांच्या चौकटीत मथळ्याला एक, संपर्काला एक आणि बॉर्डरला अर्धा सेंटीमीटर दिला की मजकुराला पाच ओळी उरतात, म्हणजे तीसेक शब्द. एका कॉलममध्ये ओळीला तीनच शब्द मावतात. 'विद्यार्थ्यांसाठी'सारखा शब्द आला की ओळ विस्कटते.

मालकांना पूर्ण वाक्यं हवी होती. मी उभा कॉलम सुचवला, कारण भाडेकरू ओळींवरून बोट फिरवत शोधतो. शेवटी असं ठरलं: 'हिंजवडी फेज 1 / शिवाजी चौकाजवळ / 2 खोल्या / स्वतंत्र संडास-बाथरूम / पाणी 24 तास / नोकरदारांना / एजंट नको'. 'सुंदर', 'प्रशस्त' काढले. 'हिंजवडी'पुढचा 'फेज 1' मात्र मी काढू दिला नाही. त्याशिवाय फेज 3 ला कामाला जाणारेही फोन करत आणि अंतर कळलं की ठेवून देत.

माझ्या हातून झालेली चूक संपर्काच्या ओळीतली होती. माझ्या सुरुवातीच्या काळात पुण्याच्या सात आकडी लँडलाइन नंबरांआधी 2 लागला. एका जुन्या जाहिरातीचं मॅटर मी 'रिपीट' म्हणून तसंच पाठवलं, नंबर सात आकडीच राहिला. एकही फोन आला नाही, तेव्हा कळलं. पुढची जाहिरात मी स्वतःच्या खर्चाने छापून दिली. तेव्हापासून प्रूफ आलं की आधी मी त्यातल्या नंबरावर फोन लावतो, मजकूर नंतर वाचतो.

मोबाइल आल्यावर आणखी एक शिकलो. शाई पसरली की १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून नंबर मी इंग्रजी आकड्यांत, सोळा पॉइंट ठळक घेतो. दहा आकडे तीनेक सेंटीमीटरात बसतात, म्हणजे एका कॉलमच्या एका ओळीत एकच नंबर. दोन नंबर हवेत म्हणणाऱ्याला मी विचारतो, दिवसभर फोन उचलणार कोण? तो सांगेल तोच नंबर, वरच्या ओळीत 'सायं. 6 नंतर' असल्यास तेवढं, आणि त्या ओळीखाली काहीच नाही.