वार एक, बीज किती?

मागच्या भागात आपण स्त्रीबीज दर महिन्याला कसं पिकतं ते पाहिलं. आज त्याच वाटेने जुळ्यांकडे जाऊ.

बाळंतपण घरी व्हायचं तेव्हा जुळ्यांचा निकाल सुईण वार बघून द्यायची. वार एक पडली तर पोरं एका बीजाची, दोन पडल्या तर दोन बीजांची. बेज्जूरसारख्या गावात, प्राणहितेच्या अलीकडे काय नि पलीकडे गडचिरोलीत काय, जुन्या बायका आजही हेच सांगतील. शिकलेली माणसंही सांगतात. यातलं अर्धं खरं आहे, पण चुकीचं अर्धं अनेक घरांना आयुष्यभर चकवतं.

आधी दोन बीजांची जुळी घेऊ, कारण त्यांच्यात गूढ असं फारसं काही नाही. पाळीच्या सुरुवातीला मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारा संप्रेरक बीजकोशातल्या अनेक पुटकुळ्यांना एकदम वाढायला लावतो. त्यातली एक पुढे जाते, संप्रेरकाची पातळी उतरते आणि बाकीच्या सुकून जातात. काही बायकांत ही पातळी पुरेशी उतरत नाही, किंवा बीजकोशच जास्त संवेदनशील असतो. मग दोन बीजं सुटतात. प्रत्येकाला वेगळा शुक्रजंतू भेटतो आणि एकाच वेळी वाढणारी दोन भावंडं तयार होतात. त्यांच्यातलं साम्य तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या सख्ख्या भावंडांइतकंच असतं. एक गोरं, एक सावळं, एक मुलगा, एक मुलगी, काहीही होऊ शकतं.

वयाच्या पस्तिशीनंतर हा संप्रेरक वाढतो, म्हणून त्या वयात अशी जुळी जास्त होतात. वंध्यत्वावरच्या गोळ्या-इंजेक्शनांनीही होतात. घराण्यात जुळी असणं इथेच लागू पडतं, आणि तेही आईच्या बाजूने, कारण बीज सोडणारी तीच. वडिलांच्या घराण्यातला गुण त्यांच्या मुलीत उतरू शकतो, पण बायकोच्या बीजकोशावर त्याचा काही अंमल चालत नाही. आपल्याकडे ही जुळी कमी आणि नायजेरियातल्या योरुबा लोकांत कितीतरी जास्त. एका बीजाची जुळी मात्र जगभर जवळपास सारख्याच प्रमाणात होतात, हजार बाळंतपणांमागे साधारण चार. त्यांचं बीज दुभंगतं का, हे अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

दुभंगतं कधी, हे मात्र माहीत आहे आणि वारेचा घोळ तिथेच आहे. एक बीज, एक शुक्रजंतू, त्यातून झालेला एकच गर्भ पहिल्या तीन दिवसांत विभागला, तर दोन्ही भाग आपापली वार आणि आपापली पाणमोट तयार करतात. एका बीजाच्या जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अशी असतात. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान विभागला तर वारेचं कवच आधीच ठरून गेलेलं असतं, म्हणून वार सामाईक आणि पाणमोटी दोन. ही जुळी सर्वांत जास्त. त्याहून उशीर झाला तर पाणमोटही एकच. तेराव्या दिवसानंतर विभागणी पुरी होत नाही आणि शरीरं जोडलेलीच राहतात. दहावीच्या पुस्तकात ज्यांना सायामी जुळी म्हटलंय ती हीच. तेलंगणातल्या वीणा आणि वाणी या डोकी जोडलेल्या बहिणी 2003 साली जन्मल्या. दोघींनी परीक्षा दिल्या त्या दोन स्वतंत्र विद्यार्थिनी म्हणून.

या हिशेबात सगळा निकाल पाळी चुकल्याचं कळण्याआधीच लागलेला असतो. तेव्हा पोटुशी सुनेच्या हातातून जुळं केळं काढून घेणाऱ्या सासूबाईंना फार उशीर झालेला असतो. केळं तिला खुशाल खाऊ द्यावं.

आता उलट बाजू. दोन बीजांची जुळी असतील तर वारा जवळजवळ नेहमी दोनच असतात. पण दोन्ही गर्भ शेजारी-शेजारी रुजले तर त्या वाढता वाढता कडेला चिकटतात आणि बाहेर पडताना एकच मोठी वार दिसते. म्हणजे सुईणीला दिसलेली एक वार दोन बीजांची असू शकते आणि दोन वारा एका बीजाच्याही असू शकतात. मोजून भागत नाही. दोन बाळांमधला पडदा बघावा लागतो. तो पातळ, आरपार दिसणारा असेल तर ते फक्त पाणमोटींचे दोन थर आहेत, वार खरोखरच सामाईक आहे आणि बाळं जवळजवळ नक्कीच एका बीजाची. जाड, धुरकट असेल तर मध्ये वारेच्या कवचाचे आणखी दोन थर आहेत, म्हणजे वारा मुळात दोन. अशा वेळी बाळं कुठल्याही प्रकारची असू शकतात.

समजा, बेज्जूरची एक बाई तिसऱ्या महिन्यात कागजनगरला सोनोग्राफीला गेली. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात हाच पडदा वारेला कुठे टेकतो ते स्पष्ट दिसतं. टेकतो तिथे वारेचा त्रिकोणी तुकडा पडद्यात घुसलेला असेल तर वारा दोन. पडदा सरळ काटकोनात टेकला असेल तर वार एक. पुढे ही खूण पुसट होते, म्हणून पाचव्या महिन्यात पहिल्यांदा गेलेल्या बाईला नक्की उत्तर मिळेलच असं नाही. एक मुलगा, एक मुलगी हा दोन बीजांचा सोपा पुरावा, पण आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे. त्यासाठी जन्मापर्यंत थांबायचं.

डॉक्टरला बाळं एकसारखी दिसतील की नाही यात फारसा रस नसतो. वार सामाईक आहे का, एवढंच त्याला हवं असतं. सामाईक वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. शंभरातल्या दहा-पंधरा गर्भारपणांत रक्त एकाकडून दुसऱ्याकडे एकतर्फी जाऊ लागतं. देणाऱ्याची लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या पाणमोटीत पाणी भरत जातं, हृदयावर ताण येतो. आईला एवढंच जाणवतं की पोट आठवड्याभरात एकदम फुगलं, ताणलं, धाप लागते. हे जुळ्यांमुळे होतं म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. मोठ्या ठिकाणी वारेवरच्या त्या वाहिन्या लेझरने बंद करता येतात. म्हणूनच सामाईक वार असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी सांगतात. वाटखर्च आणि बुडालेली मजुरी धरली तर कागजनगरच्या या फेऱ्या सोप्या नाहीत, पण टाळण्यासारख्याही नाहीत.

जन्मानंतर शंका राहिलीच तर रक्तगट बघावा. गट वेगळे निघाले तर दोन बीजं. सारखे निघाले तर काही सिद्ध होत नाही. आई ओ आणि वडील एबी असतील तर प्रत्येक बाळ ए किंवा बी असतं, त्यामुळे दोन बीजांच्या जुळ्यांतही निम्म्या वेळा गट जुळतोच. पक्कं उत्तर डीएनए चाचणी देते.

त्या चाचणीत हुबेहूब जुळणारी दोन भावंडंसुद्धा रेशन दुकानातल्या यंत्राला वेगवेगळीच वाटतात. बोटांवरच्या रेषा चौथ्या महिन्याच्या आसपास उठतात, आणि बोटावर दाब कसा पडला, भोवती पाणी किती होतं, बाळ कसं वळलेलं होतं यावर त्यांचं वळण ठरतं. एका पोटात राहूनही दोघांना या गोष्टी तंतोतंत सारख्या मिळत नाहीत. शेजारपाजारचे नावात गोंधळ करतील, पण अंगठा बघणारं यंत्र एकाला दुसरा समजणार नाही.